पाचशे बाराचा चौकोन

आमच्या छपाईच्या दुकानात थोरली कॉम्प्युटरवर बसते आणि तिच्या शेजारी मी लॅमिनेशनचं मशीन चालवते. मशीन तापायला वेळ लागतो, तेवढ्यात मी तिच्या पडद्यात नाक खुपसते. ती मला मावशी म्हणते आणि माझं नाक सहन करते. घरात ती थोरली, म्हणून दुकानातही थोरलीच. कामाला अशी नीटनेटकी की बरणीवरचं लेबल केसभर सरकलं तरी हिच्या घशाखाली घास उतरत नाही. मालक म्हणतो, हिच्या फाइलीत चूक शोधायची तर भिंग घेऊन बसावं लागेल. मी म्हणते, असल्या माणसाशी संसार करणाऱ्याची कीव येते. त्यावर ती हसते.

त्या दिवसांत मात्र ती हसत नव्हती. तिच्या वडिलांच्या घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे श्वास मानेतल्या भोकातून, एका नळीवाटे. आवाज कायमचा जाणार.

आणि आवाज कुणाचा, तर भोंग्याचा. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा माणूस तो. उभा जन्म टोमॅटोच्या पेट्यांवर उभं राहून ओरडण्यात गेलेला. सगळा बाजार त्यांना भोंगा म्हणायचा आणि त्यांना त्याचा अभिमान होता. घरातही हळू बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. मीठ मागितलं तरी वाटायचं, बोली लागली.

आता या माणसाने ऑपरेशननंतर बोलायचं कसं? लिहायचं म्हटलं तर हात थरथरायचा. फोनवर टाइप करायचं तर अंगठा एवढा जाड की एकाच्या जागी तीन अक्षरं दाबली जायची. मुलांनी सुचवलं, आधीच थोडी वाक्यं आवाजात भरून ठेवू. त्यावर ते भडकले. "माझाच आवाज मला ऐकवू नका," म्हणाले. "गेला तर गेला."

शेवटी डोकं चालवलं धाकट्याने. धाकटा म्हणजे थोरलीचा भाऊ, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो. तो म्हणाला, "ताई, बाबांचेच स्टिकर कर ना. चहा पाहिजे तर चहाचं तोंड, राग आला तर रागाचं. एक दाबलं की आपल्या ग्रुपवर आलं." बाकी कुणी असतं तर हसण्यावारी नेलं असतं. थोरलीने ते मनावर घेतलं.

फोटो घरीच काढले, बैठकीतल्या निळ्या भिंतीपुढे, आईच्या फोनवर. त्यांच्या घरात त्यातल्या त्यात चांगला कॅमेरा तोच. चहाचा, भुकेचा, दुखण्याचा, नकाराचा, रागाचा, हसण्याचा, असे एकेक फोटो झाले. भोंगा रंगात आला होता. सगळ्यांत महत्त्वाचा होता तो बोलावण्याचा. तो आला की हातातलं टाकून धावायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. घरात कुणी असेल तर ताट-चमचा वाजवायचा आणि सगळे बाहेर असतील तर तो स्टिकर. पण नुसतं उभं राहून बोलावण्याचं सोंग त्यांना जमेना. मग आई फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता खरंच बोलवा मला." त्यांनी डोळे मिटून, हात आडवा लांब करून अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरची बाई वर विचारायला आली. हे सगळं थोरलीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि सांगता सांगता रडली.

मग ती कामाला लागली. दुकानाचं काम संपलं की जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या सुट्टीत तिचं तेच. मला वाटलं होतं, फोटो कापला की झाला स्टिकर. कसलं काय! तिने मला एवढं समजावलं की आता मीही कुणाला शिकवू शकेन. चौकोन ठरलेला, पाचशे बारा बाय पाचशे बारा पिक्सेल. मागे काहीही नको, पूर्ण पारदर्शक. चारी बाजूंना सोळा-सोळा पिक्सेल मोकळी जागा, नाहीतर स्टिकर कडेला आपटल्यासारखा दिसतो. आणि चित्राभोवती आठ पिक्सेलची पांढरी कड. ती नसेल तर काळ्या पडद्याच्या चॅटमध्ये काळा सदरा गडप होतो. हे सगळं करून फाइल शंभर केबीच्या आत बसवायची.

पहिल्याच फोटोला तिची गोची झाली. दोन्हीकडची मोकळी जागा वजा करून तिने चेहरा चारशे ऐंशीमध्ये बसवला आणि मग कड मारली. कड बाहेरच्या बाजूला वाढते, ती सरळ मोकळ्या जागेत घुसली. "अगं बाई," ती स्वतःलाच म्हणाली, "कडही त्यातच धरायला हवी." मग तिने सगळे चेहरे चारशे चौसष्टमध्ये बसवले आणि भोवती कड व मोकळी जागा बरोबर आली. दुसरी डोकेदुखी भिंतीची. आपोआप कापणाऱ्या सोयीने भोंग्याच्या पिकल्या केसांभोवती भिंतीचा निळा रंग तसाच ठेवला होता. म्हाताऱ्याने केसांना नीळ लावल्यासारखं दिसत होतं. ती मोठं करून करून एकेक बट पुसत बसली. मी म्हटलं, "फोनवर नखाएवढं दिसणार आहे, एवढं कशाला?" ती म्हणाली, "मावशी, हे लेबल नाही, माझे बाबा आहेत."

बोलावण्याचा फोटो मात्र तिला छळत होता. हात आडवा लांब केलेला, त्यामुळे चित्र रुंद. ते चौकोनात बसवायला रुंदीच्या हिशेबाने लहान करावं लागायचं, आणि मग चेहरा वाटाण्याएवढा उरायचा. वर खाली नुसती मोकळी जागा. शिवाय कापताना दोन बोटांची टोकं गेली होती आणि पांढऱ्या कडेने बोटांमधल्या फटी बुजवून टाकल्या होत्या. हात कसला, लोकरीचा मोजा दिसत होता. बाकीच्या स्टिकरांवर भरगच्च चेहरे आणि हा एकच मध्ये चिमुकला. तिला ते बघवेना. तिने खांद्यापाशी हात छाटला आणि चेहरा बाकीच्यांएवढा मोठा केला. आता सगळे एका मापाचे, एका रेषेत.

खाली शब्द लिहायचाही तिचा विचार होता. पण भोंग्याने तो हाणून पाडला. "मी काय दुकानाची पाटी आहे का? पोटच्या पोरांना माझ्या तोंडावरून कळत नसेल तर काय उपयोग?" थोरलीने तो हट्ट मानला. नाहीतरी अक्षरं बारीक होऊन वाचता आली नसती, असं तीच मला म्हणाली.

प्रत्येक स्टिकर तिने पांढऱ्या पडद्यावर तपासला आणि काळ्या पडद्यावर तपासला. एकेक करून. कड स्वच्छ, जागा मोकळी, केस अन् केस जागेवर. मलाही कौतुक वाटलं. फोनमध्ये टाकून वडिलांना दाखवले तेव्हा ते खूश झाले. "तोंड कसं झकास आलंय," म्हणाले. त्यांचं हे वाक्य ती मला पुन्हा पुन्हा सांगायची, कारण त्यानंतर आठवडाभरातच ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

ऑपरेशन म्हणाल तर नीट पार पडलं. घरी आले. मानेत नळी. तिच्यात कफ सुकून बसला तर श्वास अडतो, म्हणून आतली नळी काढून धुवायची, वाफ द्यायची, खोलीतली हवा कोरडी पडू द्यायची नाही, हे सगळं आई दवाखान्यात शिकून आली होती. बाई डोळ्यांत तेल घालून करायची. आधी तर ती त्यांना सोडून जिनाही उतरायची नाही. तेच तिच्यावर चिडायचे. हाताने हुसकायचे, जा, जरा बाहेर जाऊन ये, माझ्या उशाशी बसून राहू नकोस.

आणि स्टिकरांनी खरोखर कमाल केली. ग्रुपवर भोंगा पुन्हा गाजू लागला. सकाळी चहाचं तोंड, डॉक्टर येऊन गेले की रागाचं तोंड. धाकट्याने पगारवाढ झाल्याचं कळवलं तर हसरं. त्या हसऱ्या तोंडाला आमच्या दुकानातही चाहते होते. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंड हे एवढं उघडं, त्यात पडलेल्या दाताची खिडकी. थोरली मला दाखवायची आणि दिवस बरा जायचा. तो बोलावण्याचा स्टिकर मात्र कधी आलाच नव्हता, कारण आई कायम घरीच.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका शाळेच्या ओळखपत्रांच्या गठ्ठ्यावर बसलो होतो. थोरलीचा फोन टेबलावर उताणा पडलेला. तो वाजला. आम्ही दोघींनी बघितलं. भोंग्याचं उघडं तोंड, मिटलेले डोळे.

"हे काय, आज एकदम खुशीत?" मी म्हटलं.

"आई औषधाच्या दुकानात गेलीय," ती म्हणाली. "सुटल्यासारखं वाटत असेल स्वारीला." तिने एक अंगठा पाठवला. धाकट्याचंही लगेच आलं, "बाबा फॉर्मात!" मग आईचा एक बदाम आला.

पुन्हा तेच तोंड आलं. लगोलग आणखी एकदा. थोरली हसून म्हणाली, "मावशी, बघा ना, थांबतच नाहीयेत." हात कामात होते म्हणून तिने फोन पालथा घातला. तो टेबलावर आणखी थोडा गुरगुरला आणि मग गप्प झाला. आम्ही ओळखपत्रं कापत राहिलो.

नंतर फोन वाजला तो स्टिकरसाठी नव्हता, आईचा फोन होता. थोरली उभी राहिली आणि तशीच बाहेर पळाली, चपला इथेच टाकून. ती पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. नळी गच्च बसली होती. आतली नळी काढायला त्यांनी स्वतः हात घातला असावा, कारण गळ्याशी ओरखडे होते. ताट खाली पडलेलं, चमचा पलंगाखाली. खालच्या बाईने आवाज ऐकला होता. तिला वाटलं, वरच्यांकडे कुणी लहान मूल आलंय.

मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि आई एकच गोष्ट सगळ्यांना सांगत होती. "शेवटपर्यंत हसत होते हो. मला हसरं तोंड पाठवलं, पोरांना पाठवलं. एकदा नाही, कितीदा तरी. म्हणजे अगदी शेवटी काही झालं असेल, एका क्षणात. हाल नाही झाले." येणारा प्रत्येक जण मान हलवायचा आणि म्हणायचा, भाग्यवान. आईचा चेहरा रडून सुजला होता, पण हे सांगताना ती जरा सावरायची. माझ्याकडेही तिने फोन पुढे केला. मी बघितलं आणि म्हटलं, हो, हसतायत.

थोरली कामावर परतली त्या सकाळी नमस्कार नाही, काही नाही. कॉम्प्युटरवर दोन चौकोन शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मावशी, यातला हसरा कुठला?"

मी चष्मा लावला. दोन्हीकडे तीच मान, तेच मिटलेले डोळे, तीच दाताची खिडकी. नीट बघितल्यावर एकाच्या कपाळावर आठी दिसली आणि गळ्याची शीर ताणलेली.

"डावीकडचा," मी म्हटलं. "आठी नाही तो."

"त्यांनी उजवीकडचा पाठवला होता. सगळे उजवीकडचे. मी रात्रभर एकेक उघडून बघितले." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तो बोलावण्याचा आहे. त्यांनी बरोबर पाठवला होता. हात मी कापला."

माझ्यासमोर पालथा पडून गुरगुरणारा तो फोन मला दिसायला लागला. मी म्हटलं, "पोरी, तू चांगल्यासाठी केलंस." असल्या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो, पण दुसरं सुचलं नाही.

"शेजारी शेजारी लावून कधी बघितलेच नाहीत," ती म्हणाली. "एकेक करून बघितले. एकेक किती छान दिसतायत ना?"

मग तिने माझा हात धरला. आईला कळता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. आई त्या हसण्यावर जगतेय. तेवढं काढून घेतलं तर ती मरेल. धाकट्यालाही सांगायचं नाही, तो पोटात ठेवू शकत नाही. मी शब्द दिला. तिने फोटोंचा सगळा गठ्ठा कॉम्प्युटरवरून उडवला, फक्त तयार स्टिकर तेवढे ठेवले.

पुढे काही दिवसांनी आई स्वतः दुकानात आली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने फोन उघडून ग्रुपवरचा तो शेवटचा स्टिकर दाखवला.

"हाच मोठा करून दे मला," ती थोरलीला म्हणाली. "भिंतीवर लावायला, मोठ्या चौकटीत. लोक तोंड पाडून बसलेले फोटो लावतात. मला हसरेच हवेत."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मग तिने दुसरा, खरा हसरा चौकोन उघडला आणि म्हणाली, "हा घेऊ या ना, आई. सारखाच आहे."

"सारखा कसा असेल? मला त्यांनी पाठवलेला पाहिजे."

थोरलीने तो उघडला आणि चौकटीच्या मापाला ताणला. पाचशे बारा पिक्सेलचा जीव तो केवढा! केसांच्या पायऱ्या झाल्या, पांढरी कड करवतीसारखी दातेरी दिसू लागली, तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. तशातच एक कागद छापून काढला. मला वाटलं, आता आई नाद सोडेल. माझा जीव भांड्यात पडत होता.

आईने कागद लांब धरला, जवळ धरला. "हे काय गं? एवढ्या साहेबांची कामं करतेस आणि बापाचा फोटो असा?"

"स्टिकर बारीकच असतो, आई. याहून मोठा नाही होत."

"मग मूळ फोटो घे की."

"तो गेला. उडाला माझ्याकडून."

"तुझ्याकडून गेला असेल," आई म्हणाली. "काढला कुणी होता? माझ्या फोनवर मी काढलाय."

थोरली म्हणाली, "आई, दे इकडे, मी शोधते." तिने हात पुढे केला. पण आईने चष्मा वर सरकवला आणि स्वतःच अंगठ्याने फोटो मागे मागे सारू लागली. औषधाच्या चिठ्ठ्यांचे फोटो गेले, दवाखान्यातले गेले. मग निळी भिंत आली. चहाचं तोंड आलं, रागाचं आलं. खरा हसरा आला तेव्हा ती क्षणभर थांबली, कागदाशी ताडून बघितलं आणि म्हणाली, "हा नाही. याला आठी नाही." मी मध्येच म्हटलं, "वहिनी, चहा सांगू का?" तिने ऐकलंच नाही.

पुढचा फोटो उघडला. त्यात भोंगा पूर्ण होता. तोंड उघडं, कपाळाला आठी, आणि हात आडवा लांब केलेला, पंजा आपल्याकडे ओढणारा, पाचही बोटं शाबूत.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरचा कागद उचलून फोनच्या शेजारी धरला. छापलेल्या त्या खांद्याच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, जिथे थोरलीने हात छाटून वर स्वच्छ पांढरी रेघ मारली होती तिथे. थोरली रडायला लागली होती. पोरीकडे बघण्याइतकंही भान आईला नव्हतं.

"मी दारात उभी होते," ती म्हणाली, आमच्यापैकी कुणालाच नाही. "मला बोलवत होते."

बाहेर मालक गिऱ्हाइकाशी बोलत होता. माझं मशीन तापून टकटक करत होतं.

"औषधं घेऊन कधीच झाली होती गं," आई म्हणाली. "मी कोपऱ्यावर थांबले होते. हसतायत म्हटलं, बरे आहेत, म्हणून जरा बसले बाकावर."